घासाघीस करून घेतलेली घरघर

श्रीरामपूरच्या बाजारपेठेत माझं चहाचं हॉटेल होतं. तेव्हा संध्याकाळी वीज जायची, आणि नेमके त्याच वेळी रेडिओवर बाजारभाव सांगायचे. गूळ-कांद्याचे व्यापारी त्यासाठीच येत आणि भावावर वाद घालत दोन-दोन चहा पीत. समोरच्या हॉटेलात कंदील होता. मला ट्यूब हवी होती.

ट्रकच्या बॅटरीवर ट्यूब पेटवणारी पेटी गल्लीतला रेडिओ मिस्त्री बनवून देई. तिला तो इन्व्हर्टर म्हणे. मी भाव पाडायला बसलो.

"हा पत्र्याचा डबा कशाला? लाकडी पेटी कर. आणि या गुंडाळलेल्या तारा, हे कपॅसिटर? याशिवाय ट्यूब पेटत नाही का?"

"पेटते शेठ. पण रेडिओ ओरडेल."

"रेडिओ माझा आहे. तू ट्यूबचं बघ."

त्याने ते सगळं काढलं. मी जिंकलो.

पहिल्याच संध्याकाळी हॉटेल लखलखलं आणि सेलवरचा रेडिओ घरघरू लागला. पुणे केंद्र त्यात पार बुडालं.

"शेठ, भाव काय म्हनला? नुसती माशीच घोंगावती!" एक व्यापारी म्हणाला.

"उजेडात माशी तरी दिसंल," दुसरा म्हणाला, आणि दोघं समोर कंदिलाखाली जाऊन बसले.

मी छपरावर लांब एरियल ताणली. घरघर दुप्पट झाली. आठवडाभरात संध्याकाळच्या गिऱ्हाइकांपैकी निम्मी समोर गेली. मी मिस्त्रीच्या दुकानात जाऊन यथेच्छ आरडाओरडा केला. तो ऐकून घेऊन आपला छोटा ट्रान्झिस्टर घेऊन आला. ट्यूब विझवली, पुणे स्वच्छ. पेटवली, घरघर. पेटीजवळ नेला, कानठळ्या. ट्यूबच्या तारेशेजारून चालत गेला, तर आवाज तारेबरोबर चालला.

"तुमची पेटीच स्टेशन झालीय, शेठ. ही तार तिची एरियल. तुमच्या छपरावरची तार तेच पकडते."

मग त्याने पेटी पत्र्याच्या डब्यात बसवून डबा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडला. बॅटरीकडून येणाऱ्या तारेत गुंडाळी घातली, तिच्या दोन्ही बाजूंना कपॅसिटर लावले. ट्यूबच्या तारा तोडून आखूड केल्या आणि एकमेकींना पीळ दिला. दूरच्या स्टेशनांवर थोडी कुरकुर राहिली. पुण्याचे भाव मात्र स्पष्ट आले. व्यापारी परतले, काहीच न घडल्यासारखे.

हे सगळं मला त्याने पहिल्या दिवशी सांगितलेल्या भावातच मिळत होतं. दुसऱ्यांदा त्याने एक पैसाही सोडला नाही. त्याने मला नीट बजावायला हवं होतं, असं मी आजही म्हणतो. त्याने बजावलंच होतं, असं तो म्हणे.

पुढे समोरचा हॉटेलवाला पेटी घ्यायला निघाला. मिस्त्रीने त्याला माझ्याकडे पाठवलं. "काय काय काढायला लावू?" त्याने विचारलं.

मला खरं सांगायचं नव्हतं. पण त्याची पेटी ओरडली असती तर माझाच रेडिओ बुडाला असता. रस्ता काही फार रुंद नव्हता. "काही काढू नको," मी म्हणालो. "म्हणेल तो भाव दे." आयुष्यात एवढंच एकदा मी कुणाला हे सांगितलं, आणि तेही त्यालाच.