न झालेला बिघाड

आडनाव दांडगे, आणि माणूस असा की शेजारच्या खुर्चीवरून उठून गेला तरी कुणाला कळू नये. बद्रीनाथ दांडगे शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर होता. दुचाकीला लागणारे पत्र्याचे भाग तिथं प्रेसवर दाबायचे, रंगवायचे आणि पुढच्या कंपनीला पाठवायचे. दहा वर्षं तो तिथं होता. लग्नाला कोण आलं, पोरगं कितवीत आहे, यातलं काही त्यानं कधी आपणहून सांगितलं नाही. विचारलं तर उत्तर मिळायचं, पण तेवढंच.

त्याचा साहेब, मेंटेनन्स मॅनेजर सय्यद शफीक. राहायला उस्मानपुऱ्यात, वजनाला भारी आणि तोंडानं मोकळा. चहाच्या टपरीवर पाच मिनिटांसाठी गेला तरी तिथं बैठक जमवणारा. दांडगेचं आणि त्याचं जमायला तसं काही कारण नव्हतं. पण शफीक मुळात हातानं काम केलेला माणूस होता आणि कोणाच्या हाताखाली मशीन सुखी आहे, हे त्याला कळायचं.

कारखान्यात रोज सकाळी बोर्डापुढं उभ्याउभ्या मिटिंग व्हायची. काल काय बिघडलं आणि आपण काय केलं, हे एकेकानं सांगायचं. यात राजा म्हणजे काकासाहेब गायके. त्याच्याकडं प्रेसची एक लाईन होती, आणि ती पंधरवड्यातून एकदा तरी आडवी व्हायची. मग काकासाहेब बाह्या सरसावून घुसायचा, आणि दुसऱ्या दिवशी मोटार कशी जळाली, स्टोअरमध्ये सामान कसं नव्हतं, जालन्याहून ते कसं आणवलं, हे असं रंगवून सांगायचा की ऐकणाऱ्याच्या हाताला तेल लागावं. प्लांट हेड चौबळ साहेब स्वतः टाळ्या सुरू करायचे. तहान लागल्यावर विहीर खणायची आणि पाणी लागलं की गावानं मिरवणूक काढायची, असा सगळा प्रकार. विहीर आधीच का खणली नाही, हे कोणी विचारत नव्हतं.

त्यानंतर दांडगेची पाळी यायची. त्याच्याकडं दुसरी प्रेस लाईन आणि रंगकामाचा विभाग.

"काल काही नाही, सर," एवढं म्हणून तो मागं सरकायचा. पोरं त्याला 'निल शेठ' म्हणायची. तो हसायचा, म्हणजे ओठ जरा हलायचे.

काही नाही, हे फुकट होत नव्हतं. पहिल्या बसनं येऊन तो लाईनीवरून चालायचा. मोटारीवर तळहात ठेवायचा, मोठ्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवून मुठीला कान लावायचा. आवाज खरखरीत लागला की स्टोअरमधून बेअरिंग काढून ठेवायचं आणि जेवणाच्या सुट्टीत, लाईन थांबलेलीच असताना, बदलून टाकायचं. नवी पोरं अडली की मिटिंगमध्ये गप्प बसायची आणि कँटीनमध्ये ताट घेऊन त्याच्याशेजारी जाऊन बसायची. तो त्यांना सांगायचा, हळू आवाजात, आणि नंतर त्याचा उल्लेखही करायचा नाही. ज्याला घर नीट चाललेलं दिसतं, त्याला घरातली बाई दिसत नाही, तसलीच ही गत.

शफीकला दिसत होतं. म्हणूनच मागच्या वर्षी दांडगेची बढती राहिली, तेव्हा त्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "पुढच्या साली तुला असिस्टंट मॅनेजर करतो. माझी जबान आहे." पाचपैकी चार गुण मिळाले की बढती, हा कंपनीचा कायदा. दांडगेनं नुसती मान हलवली होती. पण त्या वर्षभरात त्यानं एकदाच, बसची वाट बघताना, आपणहून विचारलं होतं, "सर, ते होईल ना? घरी सांगून बसलोय." त्या माणसानं विचारलं म्हणजे ते किती दिवस पोटात ठेवलं असेल, हे शफीकला समजलं, आणि त्यानं पुन्हा एकदा शब्द दिला.

मार्च संपला, फॉर्म आले. वर्षभरातली कामगिरी लिहा, या रकान्यात काकासाहेबानं जादा कागद जोडले. दांडगेनं लिहिलं, 'नेमून दिलेलं काम केलं. लाईन बंद पडली नाही.' शफीकनं त्याला बोलावून म्हटलं, "अरे, थोडं वाढवून लिही ना." दांडगे बराच वेळ कागदाकडं बघत बसला आणि शेवटी त्यानं 'एकदाही' हा शब्द वाढवला.

शफीकनं आपल्या हातानं चार दिले. पण मॅनेजरनं दिलेले गुण म्हणजे लग्नाआधीचा साखरपुडा, मोडायला वेळ लागत नाही. खरा निकाल लागायचा तो नंतरच्या बैठकीत. तिथं चौबळ साहेब, एचआरच्या केतकर मॅडम आणि सगळे मॅनेजर बसायचे आणि गुण 'बेल कर्व्ह'मध्ये बसवायचे. वर थोडे, मधे पुष्कळ, खाली थोडे, असा त्या घंटेचा आकार. लाईनीवरची पोरं त्याला सरळ घंटाच म्हणायची, आणि हिंदीत 'घंटा मिलेगा' म्हणतात तोच अर्थ त्यांच्या मनात असायचा.

"दांडगेला चार?" चौबळांनी भुवया चढवल्या. "मला तर त्याचा आवाजही आठवत नाही. एक उदाहरण द्या, शफीक. वर्षभरात याने काय गाजवलं?"

शफीकनं तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं, की सांगायला गोष्टच नाही. न जळालेल्या मोटारीची गोष्ट कशी सांगायची? तो म्हणाला, "सर, त्याची लाईन सर्वांत कमी बंद पडते. आकडे समोर आहेत."

"त्याच्या मशीन चांगल्या आहेत."

"दोन्ही लाईनी एकाच खरेदीतल्या आहेत, सर. एकाच कंपनीच्या, एकाच साली आलेल्या."

"मग नशीब म्हणा." कोणीतरी हसलं. "लीडर बोलका पाहिजे. संकटात दिसला पाहिजे. याला तीन करा."

तीन झाले. शफीकला वाटलं, एवढ्यावर निभावलं. तेवढ्यात केतकर मॅडमनी चष्मा वर केला. "मेंटेनन्समधून खालच्या, दोन गुणांच्या गटात एकही नाव नाही. एक तरी द्यावंच लागेल. हेड ऑफिसचा नियम आहे."

आठ माणसांत एक कोण? काकासाहेबाच्या खिशात चाकणच्या कंपनीचं नोकरीचं बोलावणं होतं, आणि ते त्यानं सगळ्यांना दाखवून ठेवलं होतं. एक जण युनियनच्या पुढाऱ्याचा मेहुणा. दोघांना वर्षही झालेलं नव्हतं, ते हिशोबातच नव्हते. बाकीच्यांना मधे ठेवायला काही ना काही कारण निघत गेलं. शफीकनं घाईघाईनं पुन्हा दांडगेची बाजू घेतली. त्याला म्हणायचं होतं एक आणि तोंडातून गेलं भलतंच.

"सर, दांडगे लई गरीब माणूस आहे. त्याचा कधी काही त्रास नाही. आजवर एक तक्रार नाही त्याची."

"अरे, मग प्रश्नच मिटला," चौबळ म्हणाले, आणि त्यांनी पेन उचललं.

आपल्या मराठीत माणसाचं याहून मोठं कौतुक नाही. सोयरीक जमवतानाही हेच सांगतात. त्याच कौतुकाची दोरी करून त्यांनी दांडगेला खाली उतरवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण शफीकनं शंभरदा ऐकली होती, पण फाशीची दोरी आपणच पुरवू असं त्याला वाटलं नव्हतं. त्यानं उठून नाही म्हणायला हवं होतं. त्याच्या स्वतःच्या बढतीचा कागदही त्याच महिन्यात चौबळांच्या सहीला जाणार होता. चहाच्या टपरीवर बैठक जमवणारा तो माणूस तिथं मूग गिळून बसला.

निकाल सांगायचं काम मॅनेजरचंच. आधी चांगलं सांगा, मग उणीव सांगा, मग पुन्हा चांगलं, असं एचआरनं शिकवलेलं. शफीकनं कॅबिनचं दार लावलं आणि तसंच सगळं सांगितलं. दांडगेनं ऐकून घेतलं. बढतीचं त्यानं विचारलं नाही, दोन गुण बघून ते कळतच होतं.

"तू मिटिंगमध्ये बोलत जा, यार," शफीक शेवटी म्हणाला. "काम दिसलं पाहिजे."

"काय बोलू, सर? काही झालंच नाय, ते कसं दाखवू?"

शफीक टेबलावरचे कागद आवरायला लागला. "सीख ले," असं काहीसं तो पुटपुटला.

आणि दांडगे शिकला. पावसाळा सरता सरता एका सकाळी रंगकामाची साखळी बंद पडली. भाग टांगून भट्टीतून नेणारी ती साखळी थांबली, आणि आत अडकलेला माल करपून काळा झाला. मोटारीचं बेअरिंग जाम झालं होतं. दांडगेनं स्वतः भट्टी बंद केली, माणसं लावली, मोटार उतरवली, आणि दुपारच्या आत साखळी चालू करून दिली. दुसऱ्या दिवशी बोर्डापुढं तो एक पाऊल पुढं आला आणि बोलला. मोबाईलवर काढलेले फोटो दाखवले, काय झालं, का झालं, कोणी काय केलं, सगळं क्रमानं सांगितलं. आवाज थोडा कापत होता, पण तो थांबला नाही. चौबळ साहेबांनी एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की पलीकडच्या लाईनीवरची माणसं वळून बघायला लागली. "बघा शफीक, माणूस बदलतो," ते म्हणाले.

शफीक मात्र त्या दिवशी दुसऱ्याच कामासाठी स्टोअरमध्ये गेला होता. तिथल्या माणसानं बोलता बोलता सांगितलं, की त्या मोटारीचं नवं बेअरिंग दांडगे साहेबांनी दोन आठवडे आधीच स्टोअरमधून नेलं होतं. त्यानं दांडगेला रंगकामाच्या मागं, रिकाम्या पिंपांपाशी गाठलं.

"तुला माहीत होतं."

"व्हय."

"सामान तुझ्याकडं होतं. मग बदललं का नाही?"

"बदललं असतं तर आज काय बोललो असतो, सर?"

दांडगेनं हातातलं फडकं घडी करून खिशात घातलं आणि तो पुढं बोलायला लागला.

"रोज सकाळी कान लावून ऐकत होतो. आज जाईल, उद्या जाईल. एकदा तर पाना घेऊन उभा राहिलो, बदलूनच टाकावं म्हटलं. मग घरच्यांची तोंडं आठवली. बायको अजून लोकाला सांगती, होईल पुढच्या साली. माल जळला तवा मला रडू आलं सर, खोटं नाय सांगत. आन टाळ्या वाजल्या तवा स्वतःचीच किळस आली. पण पुढचं बी ठरवून ठेवलंय. दिवाळीनंतर प्रेसचा पंप जाईल. त्याचा आवाज आताच लागलाय. तवा बी बोलन मी. बोललेलं दिसतंय हितं."

दहा वर्षांत दांडगे सलग एवढं कधी बोलला नव्हता. शफीक ऐकत उभा होता, आणि त्याला एकच वाटत होतं, की या माणसानं आता गप्प बसावं.