माझ्या चॅनलवरून दुप्पट नाणी

मी शिवणकाम शिकवते. आधी नाशिकरोडला घरीच क्लास घ्यायचे, मग एका विद्यार्थिनीच्या आग्रहावरून कटोरी ब्लाउजच्या कटिंगचा व्हिडिओ मोबाइलवर काढून टाकला. तो इतका चालला की पुढं सहा वर्षांत चारशेच्या आसपास व्हिडिओ झाले आणि चॅनलला लाखाच्या वर माणसं जोडली गेली. जळगावपासून सांगलीपर्यंतच्या बायका मला गळा कुठं ओढतोय, बाहीच्या मुंढ्याला चुण्या कुठं पडतायत, हे विचारायच्या. मी जमेल तसं उत्तर द्यायचे.

त्या हिवाळ्यात एक मेल आला. शिलाई मशीन बनवणाऱ्या कंपनीकडून आहे असं त्यात लिहिलं होतं. त्यांना माझ्या चॅनलवर जाहिरात करायची होती. भाषा अदबीची होती आणि माझ्या दोन व्हिडिओंची नावंही बरोबर घातली होती. चार-पाच दिवस मेल येत-जात राहिले. शेवटी त्यांनी कराराची म्हणून एक फाइल पाठवली. लॅपटॉपवर ती उघडली तर काहीच दिसलं नाही. मला वाटलं, फाइल खराब आली असेल. तसं कळवलं आणि अस्तर कापायला बसले.

मी पासवर्ड कुणाला सांगितला नव्हता, मोबाइलवर आलेला कोडही दिला नव्हता. नंतर मला समजावून सांगण्यात आलं की त्या फाइलला त्यातलं काहीच लागत नाही. लॅपटॉपवर मी चॅनलच्या खात्यात आधीपासून लॉग इन करून आत शिरलेली असते, त्याची जी खूण तिथं साठवलेली असते तीच ती फाइल उचलून नेते. मग समोरच्याला कुलूप उघडावं लागत नाही, तो मीच होऊन आत बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती म्हणाली, ताई, तुमच्या चॅनलवर तो गोरा माणूस कोण बोलतोय? मी पाहिलं तर चॅनलवर माझं नाव नव्हतं, फोटो नव्हता, चारशेतला एकही व्हिडिओ नव्हता. तिथं परदेशातल्या एका बड्या कंपनीचं नाव आणि चिन्ह होतं आणि लाइव्ह चालू होतं. एका श्रीमंत उद्योगपतीच्या जुन्या मुलाखतीचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरत होता. बाजूला क्यूआर कोड आणि इंग्रजीत मजकूर होता: आज आम्ही नाणी वाटतोय, या पत्त्यावर जेवढी क्रिप्टो नाणी पाठवाल त्याच्या दुप्पट लगेच परत. बघणाऱ्यांना लिहायची जागा बंद करून ठेवलेली. आणि खाली माझा आकडा तसाच होता, एक लाख बारा हजार सबस्क्रायबर.

बाकी माझं सगळं त्यांनी काढून टाकलं होतं, तेवढं मात्र ठेवलं होतं.

पुढचे दिवस फॉर्म भरण्यात गेले. पासवर्ड बदललेला, माझा नंबरही काढून टाकलेला. ओळखीच्या बायकांना सांगून मी तक्रारी करायला लावल्या आणि संध्याकाळपर्यंत ते लाइव्ह बंद झालं. चॅनल हाती यायला आठवडा लागला. सायबर पोलीस ठाण्यात जाऊन मी तक्रारही दिली. परत आल्यावर पहिला व्हिडिओ केला तो कॅमेऱ्यासमोर बसून, कात्री-टेप काही न घेता. काय झालं ते सांगितलं, माफी मागितली. खाली भराभर कमेंट आल्या. बहुतेक धीर देणाऱ्या होत्या. त्यातच एक ओळ होती: मॅडम, मी पाठवले होते.

मी ती ओळ किती वेळा वाचली असेल ते आठवत नाही. चॅनल गेल्याचं दुःख मी आठवडाभर सगळ्यांना सांगत होते. त्या चॅनलवरून कुणी खरंच काही गमावलं असेल हे माझ्या मनात आलं नव्हतं, किंवा मी येऊ दिलं नव्हतं. मी माझा मेल तिथं लिहिला, बोलणं झालं, आणि कळलं की माणूस इथलाच, देवळाली कॅम्पातला टेलर. शनिवारी बस धरून गेले.

बाजारातल्या गल्लीत दुकान होतं, दोन मशीनचं. पन्नाशी ओलांडलेला, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस जवानाच्या शर्टाच्या खांद्यावर पट्टी बसवत होता. मागच्या मशीनवर त्यांच्या बायको, गिऱ्हाइकांच्या भाभी, काज करत होत्या. सगळे त्यांना मास्टर म्हणतात, मीही म्हटलं. त्यांनी स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. मग काम हातातून न सोडता बोलायला लागले. मराठी चांगलं होतं, मधूनमधून हिंदी यायचं.

एका गिऱ्हाइकानं त्यांना दोन वर्षांपूर्वी नाण्यांचं ॲप दाखवलं होतं. तेव्हापासून ते दर आठवड्याला पाचशेची नाणी घेत होते. वर्दीवरच्या नावाच्या पट्ट्या काढायला कॉम्प्युटरचं भरतकामाचं मशीन घ्यायचं होतं, त्यासाठी. माझे व्हिडिओ भाभी मास्टरांच्याच मोबाइलवर बघायच्या, ब्लाउजचं काम वाढवायचं म्हणून; चॅनलही त्यांनीच जोडलेलं. त्या सकाळी मास्टरांनी मोबाइल उघडला तर ते लाइव्ह आपोआप समोर आलं.

"मी विचार केला," मास्टर म्हणाले, "हे चॅनल मी कधी जोडलं? आठवेना. पण यादीत तर आहे, म्हणजे मीच जोडलं असणार. आणि खाली लाखभर माणसं. एवढी माणसं खोटी कशी असतील?"

मी खाली बघितलं. ती माणसं खोटी नव्हतीच. ती माझी होती.

कोड स्कॅन केल्यावर एक वेबसाइट उघडली. तिथं कुणी किती पाठवले आणि कुणाला किती दुप्पट मिळाले, याची यादी सारखी वर सरकत होती. मास्टरांनी आधी थोडी नाणी पाठवून पाहिली. त्यांच्या ॲपनं विचारलं होतं, पत्ता बरोबर आहे ना, एकदा गेलेली नाणी परत येत नाहीत. पत्ता बरोबरच होता, ते म्हणाले. काही आलं नाही. वेबसाइटवर बारीक अक्षरात होतं की ठराविक रकमेच्या खालचं धरलं जात नाही. म्हणून ती रक्कम पुरी करायला त्यांनी उरलेली सगळी पाठवली. साधारण चाळीस हजारांची.

नाण्यांचे व्यवहार उघडे असतात, कुणालाही तो पत्ता टाकून बघता येतो. मास्टरांनी मला ते पान दाखवलं. त्यांची नाणी आत गेलेली दिसत होती, त्यांच्यासारख्या आणखी काही जणांचीही. वीस मिनिटांनी तिथून सगळी एकदम दुसरीकडं गेली, मग तिसरीकडं. बाहेर परत एकालाही काही गेलेलं नव्हतं. सगळं दिसत होतं आणि हात कुठंच पोचत नव्हता.

मी म्हटलं, माझ्या चॅनलवरून झालंय, निम्मे तरी मला देऊ द्या. मास्टर नको नको म्हणत मान हलवत राहिले. तेव्हा मागून भाभी पहिल्यांदा बोलल्या.

"तुम्ही कुठं घेतलेत, ताई? तुमचं पण घर फोडलंच ना त्यांनी."

त्यांना त्याच दिवशी मास्टरांनी सांगितलं होतं. चिडल्या असतील, पण ते माझ्यासमोर दिसलं नाही. काजाचा शर्ट घडी करून त्यांनी बाजूला ठेवला आणि नवा घेतला.

मग मास्टर जरा उत्साहानं म्हणाले की काळजी नको, काम होत आलंय. माझ्या व्हिडिओखाली त्यांनी ती ओळ लिहिली, तेव्हा तासाभरात त्याखाली कुणीतरी उत्तर दिलं होतं: माझीही नाणी गेली होती, या साहेबांनी परत मिळवून दिली, त्यांना लिहा. मास्टरांनी लिहिलं. साहेबांनी व्यवहाराचा क्रमांक मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी कळवलं की तुमची नाणी सापडली, आम्ही ती अडवून धरलीत. सोडवायला आधी आठ हजार शुल्क, तेही नाण्यांतच. सोमवारी भरायचे होते.

मी तो सगळा संवाद वाचायला मागितला. नीट वाचला. मग विचारलं, "मास्टर, नाणी त्यांच्या हातात आहेत, तर त्यातूनच शुल्क का कापून घेत नाहीत?"

मास्टरांनी सुई खाली ठेवली. बाहेर कुणीतरी शर्ट झाला का विचारायला आलं, त्याला भाभींनीच परत पाठवलं. पहिल्या वेळी ते फसले ते आशेनं, आणि आता ती दुसरी आशा मी त्यांच्या समोरून उचलून घेत होते. तुमची गेलेली नाणी परत येणार नाहीत, हे चांगल्या माणसाला तोंडावर सांगायचं फार जड जातं. पण मी सांगितलं.

"म्हणजे तेच लोक?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तेच असतील किंवा त्यांच्यासारखे. माझ्या व्हिडिओखाली बसून वाट बघत होते."

त्यांनी मोबाइल माझ्याकडं दिला आणि म्हणाले, तुम्हीच बंद करा. मी त्या साहेबांना ब्लॉक केलं. त्यांच्यासमोरच माझा व्हिडिओ उघडला. खाली त्याच साच्यातली आणखी अकरा उत्तरं निघाली, नावं वेगळी आणि वाक्य तेच. ती काढली आणि वर ठळक लिहिलं की नाणी परत मिळवून देतो म्हणणाऱ्या कुणालाही काही पाठवू नका.

मंगळवारी मी त्यांना घेऊन सायबर पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकलं. व्यवहारांचे लांबलचक क्रमांक, तो पत्ता, वेबसाइटचं नाव, स्क्रीनचे फोटो, सगळं लिहून घेतलं. आशा ठेवू नका असं ते म्हणाले नाहीत, पण ठेवा असंही म्हणाले नाहीत. नाणी एखाद्या ॲपवर येऊन पैशात बदलली गेली तर तिथं नाव सापडतं, एवढं सांगितलं. लवकर आला असतात तर बरं झालं असतं, हे त्यांनी मास्टरांना न सुनावता सांगितलं, याचं मला बरं वाटलं. बाहेर आल्यावर मास्टर म्हणाले की आपल्याला आत हसतील असं वाटत होतं, म्हणून इतके दिवस आलो नाही.

नाणी आली नाहीत. याला आता दीड वर्ष होत आलं.

मधल्या काळात मी मास्टरांच्या दुकानात जाऊन एक व्हिडिओ काढला. शर्टाची कॉलर न सुरकुतता कशी बसवायची, हे त्यांच्याइतकं सफाईनं मला येत नाही. तोंड दाखवायला ते तयार नव्हते, म्हणून फक्त हात दिसतात. कॉलर उलटवून टोक काढता काढता मास्टर मध्येच थांबले आणि ठरलेलं नसताना बोलले की याच चॅनलवर एकदा दुप्पट देतो म्हणून लिहून आलं होतं, मी भरले, माझे गेले, तुम्ही भरू नका. मग पुढची शिलाई घातली. ते मी कापलं नाही. त्या व्हिडिओखाली विदर्भातल्या एका बाईनं लिहिलं की मुलगा असंच काहीतरी पाठवायला बसला होता, त्याला तेवढाच भाग दाखवला.

भाभींचं ब्लाउजचं काम आता बरं चाललंय. भरतकामाचं मशीन अजून घेतलेलं नाही. मास्टर आठवड्याचे पाचशे पुन्हा बाजूला टाकतात, आता पोस्टात. मागच्या महिन्यात भाभींनी फोन करून प्रिन्सेस कटचं माप विचारलं. बोलता बोलता म्हणाल्या की आमचे हे दुकानात येणाऱ्या प्रत्येक जवानाला ती गोष्ट सांगतात, शर्ट राहतो बाजूला. मी म्हटलं, सांगू द्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, सांगू देतेच, पण काजं मला करावी लागतात.