उंदीर आणि तांबडं चाक

चतुर्थीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्या ह्यांना स्वयंपाकघरातला नळ गळताना दिसला. तो नळ शिमग्यापासून गळत होता. रोज मी त्याच्याखाली टोप ठेवत होते आणि रोज सांगत होते. पण उद्या गणपती बसणार, पाहुणे येणार, आणि ह्यांच्या हातात कुठूनसा पान्हा आलेला. मी म्हटलं, "आज राहूदे हो." ते म्हणाले, "दोन मिन्टांचा काम आसा."

दोन मिनिटं लागलीच नाहीत. नळ भिंतीतल्या लोखंडी एल्बोला, म्हणजे पाइपाच्या वाकड्या तुकड्याला, बसवलेला. खाऱ्या हवेने त्या एल्बोचे आटे आतून कुजलेले, वरचा रंग तेवढा शाबूत. ह्यांनी पान्ह्याला जोर दिला, एल्बो कडेला फुटला आणि नळ त्यांच्या हातात आला. भिंतीच्या भोकातून अंगठ्याएवढी धार सुटली. ती समोरच्या मांडणीवर आपटली आणि तिथून माझ्या पिठाच्या डब्यात. मोदकांचं पीठ होतं. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

खरी काळजी पिठाची नव्हती. मधल्या खोलीत जमिनीवर गणपती होता. आमच्याकडे पाट आपणच गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात, नेऊन द्यायचा आणि त्यावरच मूर्ती घडते. यंदा पावसाने माती सुकली नव्हती. मूर्तिकाराने बजावून सांगितलेलं, आत अजून ओल आहे, पुन्हा पुन्हा उचलू नका, मान सुटेल. म्हणून पाट जमिनीवरच ठेवलेला, सकाळी चौघं मिळून हलक्या हाताने टेबलावर चढवणार होते. आणि त्या पाटाच्या अगदी पुढच्या कडेला उंदीर होता. तोही पाटालाच चिकटवलेला, आमच्या लेकीने केलेला. दुसरीत आहे. महिनाभर शाळा सुटली की गणपतीच्या शाळेत जाऊन बसायची, म्हणून मूर्तिकाराने तिला गोळा देऊन सांगितलं, उंदीर तू कर. तिने केला, रंगवला, मिश्या काढल्या. घरी आल्यापासून येणाऱ्याजाणाऱ्याला आधी उंदीर दाखवत होती, मग गणपती.

शाडूची माती भाजलेली नसते. पाण्यात बसली की तिचा चिखल होतो.

आमच्या स्वयंपाकघराला उंबरा नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, अडखळतात, म्हणून लाद्या घालताना ह्यांनीच काढून टाकला. शिवाय लादीवाल्याने उतार मोरीकडे द्यायचा तो मधल्या खोलीकडे दिला. एरवी लादी पुसताना मी त्याचा उद्धार करायचे. त्या रात्री पाणी सरळ गणपतीच्या दर्शनाला निघालं.

हे धावत रस्त्याकडे गेले आणि नळयोजनेचा कॉक बंद करून आले. "केलंय बंद!" धार होती तशीच. मग विहिरीवरच्या पंपाचं बटण बंद केलं. पंप बंदच होता. मी ओरडले, "अहो, योजनेचं पाणी अंगणातल्या नळाला येतं! हे टाकीचं पाणी आहे!" टाकी स्लॅबवर. पाहुणे येणार म्हणून दुपारीच काठोकाठ भरलेली, आणि ती रिकामी होईस्तोवर पाणी आपल्याच वजनाने खाली येत राहणार. वर चढायची शिडी शेजाऱ्यांनी गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधायला नेलेली. टाकीच्या पाइपाला खाली कुठेतरी एक कॉक होता, एवढं दोघांनाही आठवत होतं. कुठे, ते प्लंबरला माहीत. प्लंबर गोव्याला.

शेवटी ह्यांनी फडक्याचा बोळा करून भोकात दाबला आणि अंगठ्याने धरून उभे राहिले. पाणी बोळ्याच्या चारी बाजूंनी फवारत होतं, ह्यांच्या चष्म्यावर. पण हात काढला की पुन्हा धार. तेवढा एक माणूस कामातून गेला.

मी वाकळ गुंडाळून दारात आडवी टाकली. ती भिजली आणि पाणी तिच्याखालून गेलं. सासूबाई म्हणाल्या, "बाजूक हो गो," आणि पाटापुढे लादीवर पाय पसरून बसल्या, लुगड्याचा बांध करून. त्या दुखऱ्या गुडघ्यांनिशी! लेक पाटाच्या कडेला पालथी, दोन्ही तळहात उभे करून उंदराभोवती धरलेले. पाणी तिच्या बोटांना लागलं होतं.

"आई," ती म्हणाली, "पायपाक तांबडा चाक आसा, ताच काय?"

"खंय?"

"मागल्या पडवेत. सोडणांच्या पाठसून. मांजरीची पिला थंयच आसत."

नारळाची सोडणं पावसाळ्याआधी मागल्या भिंतीला लावून छपरापर्यंत रचायची, न्हाणीच्या चुलीसाठी. इथे सगळेच रचतात. आम्हीही कॉकासकट भिंत बुजवून टाकली होती. आणि तिथे फुरशासारखे विषारी साप असतात म्हणून तिला तिकडे फिरकायचीही बंदी होती.

मी म्हटलं, "चल, दाखव." ती हलली नाही. हातांकडे बघत होती. हात काढले तर उंदीर गेला, हे तिला कळत होतं, मलाही कळत होतं. मी तिला दुसऱ्यांदा सांगू शकले नाही. तिने स्वतःच हात काढले आणि पळत सुटली.

ढीग आणि भिंत यांच्यामध्ये मांजरीपुरती फट होती. तिच्यात लेक गेली, मी नसते मावले. मी काठी आपटून आधी आवाज केला आणि मोबाइलचा उजेड धरला. चाक दिसलं. "फिरणा नाय!" मी खोबरेल तेलाची बाटली आत सरकवली. "दांडीवर ओत. आता आधी थोडं उलट फिरव. जोर करू नको. आता सुलट." असला कॉक एका झटक्यात बंद होत नाही. आत पितळेची पाती असते, ती चाकाबरोबर थोडी थोडी खाली उतरते. जबरदस्ती केली तर दांडीच मोडते आणि मग देवही काही करू शकत नाही. उलट, सुलट, उलट, सुलट. करकरला. मग फिरला. ती फिरवत राहिली, मी "अजून, अजून" म्हणत राहिले, आणि आतून हे ओरडले, "कमी झाला! कमी झाला!" चाक टेकलं. पाइप एकदा गुडगुडला आणि गप्प झाला. जुना कॉक, पुरता बसला नाहीच. सुतासारखी धार उरली, तिला बादली लावली.

मधल्या खोलीत गणपती कोरडा होता. पाट कडेला तेवढा ओला. उंदराच्या जागी मातीचा काला आणि एक कान.

ती रडली नाही. तेच मला जास्त लागलं. ह्यांनी ओल्या कपड्यांनीच खाली बसून तो चिखल गोळा केला आणि उंदीर करायला घेतला. फार मन लावून केला. ती बघत होती. मग म्हणाली, "बाबा, हो बटाटो आसा." आणि त्यांच्या हातातून काढून घेतला. दोघं जेवायला उठलीच नाहीत. सासूबाई तिथेच बसून राहिल्या, कारण त्यांना उठता येत नव्हतं. त्यांना उठवायला मी आणि हे, दोघं लागलो.

सकाळी शेजारून पीठ आणलं, मोदक झाले, पाहुणे आले. गणपती झगझगीत, आणि पुढे उंदीर करडा, बिनरंगाचा, मिश्यांविना, अजून ओला. मुंबईच्या आतेसासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "ह्या उंदराला रंग नाही दिला?"

लेक मान खाली घालून दूर्वा निवडत होती.

"तो रात्री कॉक बंद करूक गेल्लो," सासूबाई म्हणाल्या, आणि पहिला मोदक त्याच्यापुढे ठेवला.