सलाम करून पुढं

कय्युम सर गणितावर जीव टाकायचे आणि आम्हाला गणितं सोडायला शिकवायचे. रोशन गेटजवळ टायरच्या दुकानाच्या वरच्या खोलीत त्यांचा बँक परीक्षेचा क्लास होता. मी चितेगावहून यायची. तिथं रबराचा वास, उन्हाळ्यात पत्र्याची भट्टी, आणि तरी जागा धरायला आमची भांडणं.

तेव्हा परीक्षा कागदावर व्हायची. पाच भाग, अडीच तास, आणि कुठला भाग आधी घ्यायचा हे आपल्या हातात. आताची मुलं संगणकासमोर बसतात, भागाची वेळ संपली की तो भाग आपोआप बंद होतो. सुखी आहेत बिचारी, पण मजा गेली.

सरांची वाटणी आम्हाला तोंडपाठ होती. सामान्य ज्ञान वीस मिनिटं, कारण तिथं येतं तर येतं, नाहीतर विचार करून काही उगवत नाही. संगणक पंधरा. इंग्रजी तीस, डोकं ताजं असताना. मग बुद्धिमत्ता चाळीस, आणि उरलेली पंचेचाळीस गणिताला. प्रत्येक भागात ठरावीक गुण पडलेच पाहिजेत, एकात कमी पडलात तर बाकीचे चार भाग वाया.

"जिथं आपण बुडतो, ते शेवटी," सर म्हणायचे. "गोल टेबलाभोवती आठ माणसं बसवायचं कोडं दोनदा वाचून बसंना, तर त्यावरचे पाचही प्रश्न सोडा. उत्तरपत्रिकेत तेवढे गोल कोरे ठेवा. ठोकताळा मारू नका, चुकलं की पाव गुण जातो. सलाम करा आणि पुढं चला."

सलाम म्हणजे खरोखरचा सलाम. सराव पेपरात अवघड प्रश्न आला की हात कपाळाला लावायचा आणि पुढचा प्रश्न घ्यायचा. पंचवीस पोरं-पोरी मधूनच सलाम ठोकतायत, हे बघून खालचा टायरवाला आम्हाला वेडे समजायचा.

पण सर स्वतः? त्यांनी कितीतरी वेळा परीक्षा दिली होती. दर वेळी पुस्तिका हातात पडली की पहिल्यांदा गणित उघडायचे. एखादं अडलं की तिथंच मुक्काम. गणितात भरघोस गुण, आणि इंग्रजीत दोन-तीननं आपटायचे. त्या वर्षी वयाची मर्यादा संपत होती, म्हणजे ही शेवटचीच संधी. घरी आईचं दुखणं होतं, क्लासवर दोघांचं भागत नव्हतं.

आमच्यातली जाहेदा फटकळ. ती म्हणाली, "सर, हमको सिखाते और खुद नहीं करते. या बारीला सलाम केला नाय, तर आम्ही क्लासला येणार नाय."

"व्हय गं बाई," सर हसले.

फॉर्म आम्ही एकाच दिवशी भरले होते, म्हणून मला सरांच्या मागच्याच ओळीत जागा आली. घंटा झाली. सरांनी पुस्तिका मधूनच उघडली. गणित! दुसऱ्याकडे बघण्यात वेळ घालवू नका असं त्यांनीच शिकवलेलं, पण मान वर होतच होती. त्यांचं पेन कच्च्या कामात गुंतलं, थांबलं, पुन्हा गुंतलं. मला ओरडावंसं वाटलं. मी मुकाट्यानं सामान्य ज्ञान सोडवत राहिले.

आणि मग सरांचा हात हळूच कपाळाला गेला. समोर उभ्या पर्यवेक्षक बाईंना वाटलं, आपल्यालाच सलाम केला. त्यांनीही मान तुकवली. सरांनी पानं मागं उलटली आणि पहिल्या भागापासून सुरुवात केली.

सर पास झाले. मुलाखतही निघाली. हिंगोलीकडच्या शाखेत नेमणूक आली तेव्हा आम्ही पेढे वाटले.

शेवटच्या दिवशी त्यांनी फळ्यावर एक गणित लिहिलं. माणूस प्रवाहाविरुद्ध नाव वल्हवतो. टोपी पाण्यात पडते, ते पंधरा मिनिटांनी ध्यानात येतं. तो तसाच उलटा फिरतो, आणि टोपी पडल्या जागेपासून एक किलोमीटर खाली सापडते. प्रवाहाचा वेग किती?

"हेच ते, परीक्षेत सलाम केलेलं," सर म्हणाले. समीकरणांनी अर्धा फळा भरला. मग थबकले आणि सगळं पुसून टाकलं. "अरे! नाव आणि टोपी एकाच पाण्यात. पंधरा मिनिटं लांब गेली, तर जवळ यायलाही पंधराच. अर्ध्या तासात टोपी एक किलोमीटर वाहिली. तासाला दोन."

"हॉलमध्ये सुचलं असतं तर, सर?" जाहेदानं विचारलं.

"सुचेपर्यंत बसलो असतो, तर पुन्हा इंग्रजीत गेलो असतो." डोळे पुसत ते फळ्याकडं बघत राहिले. "पण कसलं देखणं गणित हाय बघा!"

मी पुढच्या वर्षी पास झाले, त्यांच्याच वाटणीनं. तरी खरं सांगते, त्या शेवटच्या दिवशी मला वाटलं होतं, बसले असते सर त्या गणितापाशी, तर आमच्याकडंच राहिले असते.