माफीच्या गाण्यातून काय वगळावं

परवा तुमच्यापैकी एकीने फोनवर विचारलं, "आजी, नवऱ्याशी भांडण झालंय, चूक माझी आहे, कुठलं जुनं गाणं पाठवू?" मी म्हटलं, विचार करून कळवते. तेवढ्यात तिनेच इंटरनेटवर मिळालेली दहा-बारा गाणी माझ्या फोनवर धाडली. मी ती सगळी ऐकली आणि माझं डोकं फिरलं. पहिल्यात प्रेयसी बोलत नाही म्हणून एक जण मरायला निघालाय. दुसऱ्यात तिच्या डोळ्यांचं वर्णन आहे. तिसऱ्यात तो रात्रभर जागून किती झिजला याचा हिशेब. आपण काय केलं हे एकही गाणं सांगत नाही. चाळीस वर्षांत काहीच सुधारलं नाही म्हणायचं! म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

चाळीस वर्षांपूर्वी आम्ही रत्नागिरीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. तुमचे आजोबा बंदराच्या कचेरीत होते, मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. तुमचे बाबा आणि आत्या लहान होते. त्या वर्षी दापोलीच्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना इंग्रजी शिकवायला कोणीतरी हवं होतं. ही मुलं खेड्यापाड्यांतून आलेली, सगळं शिक्षण मराठीतून झालेलं, आणि पुस्तकं सगळी इंग्रजी. आठवड्यातले तीन दिवस तिथे राहायचं आणि बाकीचे दिवस घरी. कोणीतरी माझं नाव सुचवलं. मला ते काम हवं होतं. मुलांकडे बघायला माझी आई यायला तयार होती, शाळेतून बिनपगारी रजा मिळत होती. सगळं मनात जुळवून ठेवलं होतं.

कॉलेजचे एक गृहस्थ विचारायला घरी आले ते दुपारी, मी शाळेत असताना. तुमचे आजोबा जेवायला आले होते. त्यांनी पाहुण्यांना कोकम सरबत दिलं, आंब्याचं पीक कसं आहे ते विचारलं, आणि सांगून टाकलं, "तिला नाही जमायचं. मुलं लहान आहेत."

संध्याकाळी मला हे कळलं तेही सहज, भाजी निवडताना.

"अहो, मला विचारलंत का?"

"अगं, त्यात विचारायचं काय? तू नाहीच म्हणाली असतीस."

"मी नाही म्हणाले असते तर ते मी म्हणाले असते."

मग जे व्हायचं ते झालं. मी आवाज चढवला, तेही चढले. शेवटी ते म्हणाले, "एवढं काय झालंय रुसायला?" तो शब्द ऐकून मी जी गप्प झाले, ती त्यानंतर कामापुरतंच बोलले.

मुलांनो, रुसवा आणि राग यांत फरक आहे. रुसवा काढायचा असतो. गजरा आणला, लाडीगोडी लावली की तो निघतो, आणि निघावा म्हणूनच धरलेला असतो. राग कशाचा तरी असतो. आपल्या निम्म्या गाण्यांत बाईला फक्त रुसता येतं, रागावता येत नाही. तिने रागवावं असं काही घडलंय हे मान्यच करायचं नाही, म्हणजे मग माफीही मागावी लागत नाही. तिची हनुवटी उचलली की झालं.

तुमच्या आजोबांना गाण्यांचं वेड. त्यांना वाटलं, आपल्याला बोलता येत नाही, गाणं बोलेल. इथवर त्यांचं काही चुकलं नाही. पण त्यांनी काय करावं? रेडिओवरच्या फर्माइशीच्या कार्यक्रमाला पत्र टाकलं! पोस्टावर विसंबून न राहता स्वतः गावातल्या रेडिओ केंद्रावर नेऊन दिलं, आणि ते लगेच लागलंही. सकाळी मी तांदूळ निवडत होते. निवेदिकेने गोड आवाजात आमचं आडनाव घेतलं, गल्लीचं नाव घेतलं, आणि म्हणाली, "यांनी आपल्या रुसलेल्या पत्नीसाठी हे गाणं मागवलं आहे." गाण्यातला नायक सांगत होता, तू बोलली नाहीस तर मी समुद्रात शिरेन. आमच्याकडे समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर होता, तेव्हा ही धमकी अगदीच हवेतली नव्हती.

गाणं संपायच्या आत शेजारच्या काकू दारात.

"वैनी, ऐकलंत ना? सोडा गो आता राग. आमच्या ह्यांनी जन्मात रेडिओवर माझं नाव घेतलंनी नाही."

"त्यांनी तुमच्या बाबतीत काय केलं होतं, काकू?"

"काय नाय केलंनी ते विचारा!"

"मग ह्यांनी काय केलं, ते गाण्यात आलं का?"

काकूंनी विचार केला. "नाय हो, ते कुठे आलं? पण आवाज काय गोड होता!"

दिवसभर हेच. बाजारात कोळीण बांगडे मोजताना हसली आणि म्हणाली, "बाय, साहेबांना माफ केलंस ना?" शाळेत बायका डोळे मिचकावत होत्या. कोणालाही भांडण कशावरून झालं ते ठाऊक नव्हतं, आणि सगळ्यांना ते मिटायला हवं होतं. मी माफ केलं नाही तर आता वाईट कोण ठरणार? मीच. चूक त्यांची, आणि परीक्षा माझी! चारचौघांत मागितलेल्या माफीला नाही म्हणायची सोय नसते, आणि जिला नाही म्हणता येत नाही ती माफी कसली? ती जप्ती.

ते घरी आले तेव्हा मी एवढंच म्हटलं, "माफी गल्लीची मागितलीत की माझी?"

ते वरमले, पण शिकले नाहीत. दोन-चार दिवसांनी कॅसेट घेऊन आले. तेव्हा बाजारपेठेत दुकानं होती. आपण गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट द्यायची, ते भरून देत. त्यांनी दोन्ही बाजू भरून आणल्या होत्या. म्हणाले, "ही फक्त तुझ्यासाठी. कोणाला सांगितलेलं नाही. ऐक तरी." हे पहिल्यापेक्षा बरं होतं, म्हणून मी टू-इन-वन टेबलावर घेतला आणि ऐकायला बसले. मात्र प्रत्येक गाण्यानंतर पॉजचं बटण दाबलं.

पहिलं. "हा म्हणतो, मी कसाही असलो तरी तुझाच आहे. तुम्ही कसे आहात हा प्रश्नच नाही. तुम्ही काय केलंत हा प्रश्न आहे."

दुसरं. "हा नशिबाला दोष देतोय. पाहुण्यांशी नशीब बोललं का?"

तिसऱ्यात नायक अन्नपाणी सोडून बसला होता. "तुम्ही काल माशाचं कालवण दोनदा घेतलंत."

इथे त्यांना हसू आलं. मला आलं नाही. चौथं गाणं खरोखर चांगलं होतं. संथ चाल, मोजकी वाद्यं, आणि बाई म्हणत होती की मी कठोर बोलले, ते शब्द माझे मला टोचतात. त्यात रडारड नव्हती आणि समोरच्याकडे काही मागणंही नव्हतं. मी म्हटलं, "हे प्रामाणिक आहे. पण ही कठोर बोलल्याबद्दल बोलतेय. तुम्ही कठोर बोलला नाहीत, तुम्ही माझ्या जागी बोललात. हे गाणं दुसऱ्याच्या मापाने शिवलंय."

ते वैतागले. "मग तुला हवंय तरी कसलं गाणं?"

"ज्यात केलेली चूक नावानिशी असेल. तुमचे हाल नसतील. माझं रूप नसेल. आणि शेवटी मी काय करावं हे नसेल."

"असं गाणं कोण लिहील?"

"ज्याने चूक केली तो."

त्यांची आई जात्यावर बसायची तेव्हा हे मांडीला डोकं टेकून ऐकत असत, त्यामुळे ओवीची चाल त्यांच्या गळ्यात होती. गळा बेताचाच, पण ओवीला तान लागत नाही. तिचे तीन तुकडे यमक धरून चालतात आणि चौथा आखूड तुकडा थांबतो. लपायला जागाच नाही. पुढल्या रविवारी मी पाट्यावर वाटण वाटत होते आणि ते उंबऱ्यावर बसून, रस्त्याकडे बघत म्हणाले,

"पाहुणे आले भेटी, प्रश्न होता तुझ्यासाठी,
उत्तर माझ्या ओठी, आलं कसं?

थांबायाचे होते, विचारायाचे होते,
तुझे तुला होते, सांगायचे."

माझा हात थांबला. मग त्यांनी घात केला. तिसरी ओवी म्हटली.

"सोड आता राग, हसून जरा वाग,
नाहीतर आग, लागे जीवा."

"ही काढा," मी म्हटलं.

"अगं, शेवट नको?"

"दुसरीवर शेवट झालेला आहे. ही माफी नाही, ही वसुली आहे."

ते जरा वेळ घुटमळले. यमक छान जुळलं होतं, त्याचं दुःख मला दिसत होतं. मग त्यांनी पहिल्या दोनच ओव्या पुन्हा म्हटल्या आणि गप्प बसले. मी हसले नाही, विरघळले नाही, जवळ जाऊन बसले नाही. वाटण वाटून झालं. एवढंच झालं की त्यांना काय चुकलं ते कळलं आहे, हे मला कळलं. त्याआधी मला ते ठाऊक नव्हतं.

पण गाण्याने दापोलीची जागा परत येत नाही. ते म्हणाले, "मी उद्या दापोलीला जातो आणि त्यांना सांगतो की तुला जमेल."

मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "पुन्हा तेच."

"पुन्हा तेच. मी जाते. यायचं तर या, पण तुम्ही तुमच्यापुरतं बोलायचं."

एसटीने गेलो. रस्ता हाडं खिळखिळी करणारा. कॉलेजात तेच गृहस्थ भेटले. तुमच्या आजोबांनी बसायच्या आधीच सांगितलं, "त्या दिवशी मी यांना न विचारता उत्तर दिलं. ती माझी चूक होती." झालं. डोळ्यांत पाणी नाही, मुलांची सबब नाही. गाण्यात होतं तेच, गद्यात, आणि ज्या माणसासमोर चुकले त्याच्याच समोर. आता सांगा, रेडिओवर गल्लीला ऐकवण्यापेक्षा हे किती थोडं आणि किती पुरेसं!

गृहस्थ अवघडले. म्हणाले, पहिल्या सत्रासाठी दुसरे शिक्षक नेमून झाले. ते नोव्हेंबरात जाणार आहेत, दुसऱ्या सत्रासाठी अजून कोणी नाही.

एक सत्र गेलं ते गेलंच. त्या सत्राचा राग मला आजही आहे आणि तो मी कुठल्याही ओवीवर ओवाळून टाकणार नाही. माफी मिळाली म्हणजे नुकसान भरलं असं नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

आणि एवढं सगळं होऊन, मी समोरच्या खुर्चीत बसलेली असताना, त्या शिकलेल्या माणसाने मान वळवली आणि तुमच्या आजोबांना विचारलं, "मग दिवाळीनंतर यांना जमेल का?"

तुमचे आजोबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. बराच वेळ. शेवटी त्या गृहस्थांना माझ्याकडे वळावंच लागलं.

"जमेल," मी म्हटलं.