लाथ कधी बसते

रिसोडला बसस्टँडमागे माझ्या भावाचं आणि माझं गेम पार्लर आहे. गल्ला मी सांभाळते, दादा खेळतो. हाणामारीच्या एका जुन्या गेममध्ये त्याला जिल्ह्यात कोणी हरवलं नव्हतं, आणि याचा मला त्याच्यापेक्षा जास्त माज होता.

तो गेम आमच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा पोर्ट होता. म्हणजे मोठ्या मशीनवरचा गेम जसाच्या तसा कॉम्प्युटरवर बसवलेला. मग रिमास्टर आला. चित्रं घासूनपुसून लख्ख, आवाज नवा, पण आतली हाणामारी जुनीच. लाथ बसायच्या ऐन क्षणी बटण दाबून ती परतवायची, ही दादाची खासियत त्यातही चालली.

मग कारंज्याचा एक पठ्ठ्या आव्हान घेऊन आला. सोबत गेमही आणला. "तोच हाये, फकस्त चित्र नवं," म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं, आम्हीही मान डोलावली. नाव तेच होतं ना!

दादा ओळीनं हरला. लाथ परतवायला बटण दाबावं तर ती अजून आलेलीच नसायची, आणि मग छातीत बसायची. पडद्यावर त्याच्या गड्याचा जबडा फुटत होता आणि मागे कारंज्याची पोरं शिट्ट्या मारत होती.

"हा तो गेम नाई बे," दादा म्हणाला. "हा रिमेक हाये. सारा नव्यानं बनवला."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" कारंज्याची पोरं ओरडली.

माझं डोकं फिरलं. दोन कॉम्प्युटर शेजारी लावले, एकावर जुना, एकावर नवा, आणि दोन्हीकडे लाथेचं बटण एकदम दाबलं. जुन्यातली लाथ आधी बसली. नव्यातला गडी आधी कंबर वळवत होता, मग पाय उचलत होता. सगळ्यांनी पाहिलं.

"मले चोर म्हणून राह्यले काय तुमी?" पठ्ठ्या ओरडला. कोणी म्हटलंच नव्हतं. त्यानं लोखंडी स्टूल उचललं आणि टेबलावरच्या दादाच्या उजव्या हातावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी कीबोर्ड उपसून त्याच्या तोंडावर हाणला, पुन्हा हाणला. त्याचे दात पडले, बटणंही पडली. लोकांनी ओढलं नसतं तर मी थांबले नसते.

प्लास्टर निघाल्यावर दादा रिमास्टरसमोर बसला. गेम जराही बदललेला नव्हता. बोटं मात्र दर लाथेला उशिरा पोचत होती.

"रिमेक लाव," तो म्हणाला. "त्यात एका बटनात सारे डाव होतात, नवशिक्यायसाठी."

"काहून? तू नवशिक्या हायेस?"

"लाव ना बाई."

मी लावला. दादा डाव्या हाताच्या एका बोटानं खेळला, जिंकला, आणि माझ्याकडे पाहून हसला. मला तेव्हा त्या कारंज्याच्या पोराचा जीवच घ्यावासा वाटला.