दुपारच्या सुट्टीतला एक तास

भद्रावतीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात आम्ही अंगणवाडी बांधत होतो. मी तिथला मुकादम. परतीच्या पावसाने विटांचं काम दोन दिवस बंद पाडलं. लगेच नागपूरहून साहेबांचा फोन आला, "हॅलोजन पाठवतो. रात्री आठपर्यंत काम चालवा, दिवस भरून काढा."

माझं डोकंच सणकलं. "साहेब, बाया जंगलातून पायी घरी जातात. वाघ काय हॅलोजन पाहून थांबणार हाये? पाचच्या पुढं मी कोणालेच थांबवत नाई," असं सांगून मी फोन ठेवला.

तास कुठून काढायचे, ते मला ठाऊक होतं. उन्हाळ्यात दुपारी दोन तास सुट्टी द्यावीच लागते. ऊन उतरलं तरी तीच पद्धत चालू होती. मी बायांना विचारलं, "दुपारचा एक तास कमी केला तं चालते का?"

"पाचले सोडता ना भाऊ? मंग चालते," त्यांच्यातली वयाने मोठी बाई म्हणाली.

रोजचा एक तास जोडत पंधरवड्यात दोन्ही दिवस भरून निघाले. हॅलोजनही आले. खोकं चांगलं मजबूत होतं. त्यावर बसून मी रोज डबा खाल्ला.